मदत हवी आहे: फुईच्या झोक्याच्या गाण्याखाली "रीलवरून कोण कोण आलं?" यांची गर्दी, कडवी सापडेनाशी झालीत

निंबाचा_झोका (पारोळा)

नमस्कार मंडळी. मागच्या आखाजीला माझी फुई माहेरी आली होती. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर बसून तिने एक अहिराणी गाणं म्हटलं, ते मी मोबाईलवर घेतलं आणि यूट्यूबवर टाकलं. फुईला सहाच कडवी आठवतात, बाकीची आजीबरोबर गेली. म्हणून खाली लिहिलं होतं, की तुमच्या गावात पुढे काय म्हणतात ते कळवा.

सुरुवातीचे महिने छान गेले. शिरपूरकडच्या एका ताईंनी दोन कडवी लिहिली, साक्रीकडून एक आलं. मग कुणीतरी त्यातला तीस सेकंदांचा तुकडा उचलून रील केलं आणि ते गावोगाव फिरलं. आता 340 कमेंट आहेत. काल बसून मोजल्या. 203 नुसत्या "रीलवरून कोण कोण आलं?", "आज कोण कोण ऐकतंय, लाईक करा" अशा. कडव्यांच्या फक्त 14. सगळ्यात वर असलेल्या "कोण कोण आलं"ला 812 लाईक आणि शिरपूरच्या ताईंच्या दोन कडव्यांना 3.

मागच्या आठवड्यात दुसरं गाणं टाकलं, पाच मिनिटांचं. पहिल्याच मिनिटात "फर्स्ट" अशा चार कमेंट आल्या. म्हणजे गाणं कुणी ऐकलेलंच नाही.

फुई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, "नवं कडवं उनं का?" आणि मला दोनशे ओळी खाली-वर कराव्या लागतात. ही माणसंच आहेत की मशीन? सगळं उडवून टाकू का? आणि कडवी वर कशी आणू?

केळीचा_घड

सगळे बॉट आहेत, ताई. सेटिंगमध्ये ब्लॉक केलेल्या शब्दांची यादी असते, तिथे "कोण" आणि "फर्स्ट" टाका, विषय संपला. आणि पहिली कमेंट कायम वर राहते, म्हणून लोक तिच्यासाठी भांडतात.

पांझराकाठ (धुळे)

मी सात वर्षं अहिराणी गाण्यांची चॅनेलं सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते "कोण" काढा. तो शब्द यादीत टाकला की "आमच्याकडे हे कोण म्हणायचं माहितीये का" अशी चांगली कमेंटही अडकेल. अडकलेल्या कमेंट तपासणीसाठी बाजूला पडतात, तुम्ही मंजूर करेपर्यंत कुणाला दिसत नाहीत. तुम्हाला हवी ती माणसं त्यातच जातील.

पहिली कमेंट वर राहते, हे यूट्यूबवर खरं नाही. तिथे आपोआप Top क्रम लागतो आणि त्यात लाईक आणि उत्तरं यांना वजन असतं. Newest केलं तर "फर्स्ट" सगळ्यात तळाला जाते. ही सवय जुनी आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी स्लॅशडॉट नावाच्या साइटवर बातमी पडली रे पडली की "first post" लिहायची शर्यत लागायची. तिथून ती पुढे सगळीकडे पसरली. मधल्या काळात काही चॅनेलवाल्यांनी "पहिल्या कमेंटला पिन करू" असं सांगून तिला खतपाणी घातलं. प्रीमियर ठेवला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच "फर्स्ट" येऊन बसते. तिला लाईक मिळत नाहीत, तासाभरात खाली जाते. तिची चिंता सोडा.

"कोण कोण आलं" वेगळं आहे. ती कमेंट वाचणाऱ्याकडून फक्त अंगठा मागते. गाणं न कळणाराही तो देऊ शकतो. शाळेत "हजर" म्हणायचो ना, तसं आहे ते. कडव्याला लाईक द्यायचा तर ते कडवं ओळखीचं असावं लागतं. त्यात कडवी लांब, म्हणून तीन-चार ओळींनंतर दुमडली जातात. उघडून वाचणारे थोडेच. तुमचे 812 आणि 3 तिथून आले.

ही हजेरी लाटेने येते. रील, कुणा गायकाचं निधन, कानबाईचा सण, नवं वर्ष. एक फसवणूक मात्र ओळखून ठेवा. मागच्या वर्षीच्या कमेंटमधला आकडा बदलून चालू वर्षाचा करतात, लाईक तेच राहतात. वेळेशेजारी "edited" दिसलं की समजायचं. मशीन ओळखायचं तर त्या खात्याच्या पानावर जा. वरच्याच कमेंटची हुबेहूब नक्कल आणि पानावर भलतीच लिंक असेल तर उडवा. बाकी माणसंच आहेत.

रात्रपाळी_सुरत

ताई, त्या 203 मध्ये एक माझी आहे. "सुरतहून कोन कोन ऐकी राह्यनात?" अशी. मी मूळ तळोद्याचा, इथे लूमवर बारा तासांची पाळी करतो. आखाजीला सुट्टी मिळत नाही. रात्री दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत तुमच्या फुईचं गाणं लावलं आणि ते लिहिलं. सकाळी अकरा जणांनी उत्तर दिलं होतं, त्यात दोघं आमच्याच गल्लीतले निघाले. मला कडवं येत नाही, आईला येत होतं. मग मी काय लिहायचं? उडवणार असाल तर माझी राहू द्या.

नवा_चॅनेल_जामनेर

माझ्या व्हिडिओवर फर्स्ट कमेंट कुणीच करत नाही. तुमच्याकडे एका मिनिटात चार कशा येतात? सबस्क्राइबर किती झाले?

पांझराकाठ (धुळे)

जामनेरकर, त्यांचा प्रश्न उलटा आहे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

ताई, आता काम. यूट्यूब स्टुडिओत कमेंटच्या पानावर शोधायची सोय आहे. तिथे "कडवं", "आमच्या गावात", "म्हणायची" असे शब्द एकेक करून शोधा, म्हणजे 340 चाळावी लागणार नाहीत. शोधायचं अहिराणीतूनही आणि इंग्रजी अक्षरांतूनही, कारण निम्मे लोक तसंच लिहितात. सापडलेल्या प्रत्येकीला हार्ट द्या. समोरच्याला सूचना जाते, ती बाई परत येते आणि बहुधा आणखी एक ओळ लिहून जाते. मग सगळी कडवी गावाच्या नावासकट व्हिडिओच्या वर्णनात उतरवा, तिथे 5000 अक्षरं मावतात. शेवटी स्वतःची एक छोटी कमेंट लिहून ती पिन करा. पिन एकच करता येते, म्हणून त्यात एकच गोष्ट मागा.

केळीचा_घड

ब्लॉक केलेल्या शब्दांचं माझं चुकलं, मान्य. पण मी असतो तर 203 मधल्या निम्म्या तरी काढल्या असत्या. कमेंट वाचायला येणाऱ्याला गाण्याबद्दल काही मिळायला नको का?

निंबाचा_झोका (पारोळा)

सुरतवाले भाऊ, तुमची कमेंट सापडली, उत्तरंही वाचली. फुईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्याले सांग, आखाजीले घर ये. मी कुणाचीच उडवत नाहीये. भलत्या लिंकवाली दोन खाती मात्र काढली.

शोधून आणखी पाच कडवी मिळाली, माझ्या मोजणीत ती सुटली होती, कारण इंग्रजी अक्षरांत होती. एकूण 19 कमेंटना हार्ट दिलं, कडवी वर्णनात उतरवली आणि पिनमध्ये लिहिलं, "तुमच्या गावातलं एक कडवं लिहा, गावाचं नाव टाका." दोन दिवसांत खाली नऊ उत्तरं आली. सहा "पिन वाचून कोण आलं?", तीन कडवी.

आता नवा पेच पडलाय. तिघांपैकी नंदुरबारकडच्या एका आजींचं कडवं त्याच चालीत बसतं, पण त्यात कानबाईचं नाव आहे. फुई ठामपणे सांगते, हे आखाजीचं नाहीच, श्रावणातलं आहे, कुणीतरी जोडलंय. आजींचा नातू लिहितो, आमच्याकडे झोक्यावर हेच म्हणतात. वर्णनात ठेवू की वेगळं काढू? तळोदा, शहादा, नवापूरकडचं कुणी इथे आहे का, ज्यांच्या घरी झोक्यावर कानबाईचं नाव घेतात?