पहाटे तीनची धडधड

>> "दोन पेग घेतले की डोकं शांत होतं, झोपही लागते. मग गोळ्यांपेक्षा हे काय वाईट?"

शांत होतं हे खरंच. दारू मेंदूतल्या 'गाबा' या ब्रेकवर पाय दाबते आणि 'ग्लुटामेट' हा अ‍ॅक्सिलरेटर ढिला करते. पण मेंदूही गप्प बसत नाही, तोल साधायला तो उलट्या बाजूने जोर लावतो. दारू उतरते, तो जोर मात्र तसाच राहतो.

तुमचाच हिशोब करू. ६० मिलीचे दोन पेग म्हणजे साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. रात्री दहाला प्यालात तर तीनच्या सुमारास रक्त जवळपास कोरं, आणि नेमके तेव्हाच डोळे टक्क उघडे, छातीत धडधड, उद्याच्या मीटिंगची भीती. मी स्वतः दोन वर्षं याला 'ऑफिसचं टेन्शन' म्हणत होतो! संध्याकाळी त्याच भीतीवर पुन्हा पेग, आणि हळूहळू दोनाचे तीन.

ही भीती दारूमुळे आहे की मुळातलीच, हे ओळखायचं कसं? तीन-चार आठवडे बंद ठेवून बघा. पहिले काही दिवस झोप बिघडेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका. त्यानंतरही भीती किंवा उदासी राहिली तर तिच्यावर वेगळे उपचार हवेत. (झोपेची गोळी आणि दारू एकत्र मात्र कधीच नको, श्वास मंदावतो.)

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये. हात थरथरणं, घाम, प्रसंगी फिट येते, म्हणून आधी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.