नोटिशीत ३० दिवस, कॅलेंडर दिवस की एक महिना? मदत हवी आहे

लिव्ह अँड लायसन्सचा इंग्रजी मसुदा मराठीत करतेय. त्यात कलम ७ मध्ये ‘३० दिवस’, कलम ११ मध्ये ‘तीस कॅलेंडर दिवस’ आणि शेवटी ‘एक महिन्याची नोटीस’ असं आहे. आता ३१ जानेवारी २०२५ ला नोटीस मिळाली, तो दिवस सोडून मोजलं तर ३० दिवस २ मार्चला भरतात, महिना मात्र २८ फेब्रुवारीलाच संपतो, म्हणजे दोन दिवसांचा फरक पडतो ना! शिवाय एकाच ठिकाणी ‘कॅलेंडर’ लिहिलं की बाकीचे कामकाजाचे दिवस आहेत असा वाद कोणी काढेल अशी मला भीती वाटते. मी सगळीकडे ‘३० (तीस) दिवस, सुट्ट्या धरून, नोटीस मिळाल्याचा दिवस वगळून’ असं करू का, की मूळ मसुदा करणाऱ्या वकिलांना आधी विचारू? तुम्ही काय करता?