मदत हवी आहे: ‘पिल्लू दुपटे’ हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की बिघडतंय, कसं तपासू?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत राहते. दोन वर्षं झाली, तान्ह्या बाळांसाठी दुपटी, झबली, कुंच्या शिवते. आतापर्यंत सगळी गिऱ्हाइकं ओळखीतलीच होती आणि नाव आपोआप पडलं, ‘पिल्लू दुपटे’. आता वेबसाइट काढायची आहे, इन्स्टाग्रामवर खातं उघडायचं आहे आणि २०० लेबलं विणून घ्यायची आहेत.

लेबलवाल्याने नमुना पाठवला. पांढऱ्या सुती पट्टीवर निळ्या धाग्याने एकसलग, लहान अक्षरांत `pilludupate`. मी तो फोटो चुलत बहिणीला पाठवला. ती फिनलंडला एस्पोत असते. पाच मिनिटांत तिचा फोन आला. "ताई, हे विणायला देऊ नकोस. इथे pillu म्हणजे बाईच्या अवयवाचा घाणेरडा शब्द आहे."

रात्रभर झोप लागली नाही. माझा माल परदेशातल्या मराठी घरांत जातो, शेजारपाजारचे लोकही तिथे बाळ बघायला येतात. लेबलाची ऑर्डर थांबवली आहे. नवीन नाव ठरवताना सगळ्या भाषांत कसं तपासायचं? कोणी केलं आहे का?

हळदीकुंकू
अभिनंदन ताई! बाळाचं नाव पत्रिकेतल्या अक्षरावरून ठेवा, आणि इंग्रजी स्पेलिंगही बघून ठेवा. माझ्या मुलीचं नाव हर्षिता. एका खेळाच्या अ‍ॅपमध्ये तिने harshita टाकलं तर "अयोग्य शब्द" म्हणून घेतलंच नाही. मला कळेना, इतकं गोड नाव! मग तिनेच दाखवलं, मधली चार अक्षरं वेगळी वाच म्हणून. पोर रडवेली झाली होती.

सुईदोरा
बाळाचं नाही हो, व्यवसायाचं नाव आहे. पण तुमच्या मुलीचं सांगितलंत ते फार उपयोगी आहे. माणसाने चांगलं वाचलं तरी यंत्र अडवू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा प्रिंटर
एवढं घाबरायचं कारण नाही. PilluDupate असं कॅपिटल अक्षरं घालून छापा, शब्द सुटे दिसतात. नाहीतर स्पेलिंग बदला, pilloo करा. मोठ्या कंपन्यांचंही होतं असं. टाटांनी २०१६ साली झिका नावाची गाडी आणायची ठरवली, तेवढ्यात त्याच नावाच्या विषाणूची साथ आली आणि गाडीचं टियागो झालं.

जुना प्रूफवाला
प्रिंटरभाऊ, कार्डापुरतं तुमचं बरोबर आहे. पण वेबसाइटच्या पत्त्यात लहान-मोठं अक्षर एकच धरलं जातं आणि ब्राउझर ते लहानच दाखवतो. कॅपिटल तुमच्या हातात कागदावरच राहतं. pilloo म्हटलं तर इंग्रजी वाचणाऱ्याला उशी आठवेल. आणि टाटांचं नाव ठेवलं तेव्हा चांगलंच होतं, नंतर बिघडलं. ताईंचं आधीपासून बिघडलेलं आहे, म्हणजे ते आधी शोधता येतं.

ताई, मी बरीच वर्षं परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांवरचा मजकूर तपासला आहे. मी करतो ते सांगतो. नाव लहान अक्षरांत, जागा न सोडता लिहायचं आणि ज्याने ते कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्यायचं. अर्थ आधी सांगायचा नाही. आपल्याला नाव माहीत असतं, त्यामुळे आपला डोळा ते बरोबर जागीच तोडतो.

दुसरं, विक्शनरी हा इंटरनेटवरचा शब्दकोश. तिथे एका स्पेलिंगचं एकच पान असतं आणि त्याच पानावर ते स्पेलिंग ज्या ज्या भाषांत शब्द आहे त्या सगळ्या खाली येतात. `pillu` टाका, फिनिश सापडेल, पुढे अश्लील असल्याची खूणही. पण नुसतं अख्खं नाव टाकून भागत नाही. त्याचे तुकडेही टाकायचे. तुमच्या नावात `dupa` आहे, पोलिशमध्ये त्याचा अर्थ कुल्ले. सुरुवातीला `pill` आहे, इंग्रजी वाचणाऱ्याला औषधाची गोळी. एका नावात तीन ठिकाणी अडतंय.

चारमिनारकर
हैदराबादहून लिहितोय. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोर, पिल्लि म्हणजे मांजर. इथे तुमचं नाव सगळ्यांना आवडेल. फिनलंडसाठी इतकं चांगलं नाव टाकायचं?

जुना प्रूफवाला
हा प्रश्न खरा आहे. गिऱ्हाईक जिथे नाही तिथला अर्थ सोडून द्यायला हरकत नाही. पण अर्थाची जातही बघावी लागते. साधा शब्द निघाला तर लोक हसून सोडतात. शिवी निघाली तर तो माल कोणी भेट म्हणून देत नाही. ह्युंदाईची कोना गाडी पोर्तुगालमध्ये कौआई नावाने विकतात, कारण तिथे cona हीच शिवी आहे. एका छोट्या देशासाठी एवढ्या कंपनीने नाव बदललं. ताईंची तर बहीणच तिथे आहे.

सुईदोरा
मनापासून आभार. दुपारी बसून दोन नवी नावं काढली. ‘गोधडी’ वहीत `godhadi` असं लिहून शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला दिलं. तिने वाचलं, "गॉड हॅड आय". मग ‘मऊ दुपटे’ लिहिलं, `maudupate`. ती म्हणाली, "मॉड कोण?" Maud हे इंग्रजांत बाईचं नाव असतं म्हणे. मऊ शब्द मला फार आवडलाय, जुन्या लुगड्याचं दुपटं हातात घेतलं की तोंडात तोच येतो. मध्ये आडवी रेघ घातली तर चालेल का?

जुना प्रूफवाला
वेबसाइटच्या पत्त्यात आडवी रेघ चालते, इन्स्टाग्रामवर चालत नाही. तिथे टिंब किंवा खालची रेघ घ्यावी लागते आणि ती पत्त्यात चालत नाही. म्हणजे दोन ठिकाणी दोन नावं होतील. शिवाय फोनवर सांगताना रेघ हमखास राहून जाते. रेघेशिवायही नीट वाचता येईल असंच नाव घ्या. दुपटे शब्द ठेवलात तर dupa सुटत नाहीच. मराठी नावात दुपटी राहू द्या, इंग्रजी अक्षरांत वेगळा जोडशब्द घ्या.

आणखी एक. तुमच्या नमुन्यात i, l, l या तीन उभ्या काड्या शेजारी होत्या. विणलेल्या बारीक पट्टीवर त्या एकमेकींत मिसळतात. पुढचा नमुना हातभर लांब धरून वाचून बघा.

माडाखाली
मी मडगावचा. मऊ ऐकून थबकलो. माझे आजोबा पोर्तुगीज शिकलेले. mau म्हणजे वाईट, आणि mau cheiro म्हणजे दुर्गंधी. बाळाच्या कपड्यावर ते वाचून त्यांना कसंतरीच झालं असतं.

चारमिनारकर
असं प्रत्येक भाषेचं बघत बसलात तर एकही नाव उरणार नाही.

सुईदोरा
माडाखाली दादा, शिवी नाही ना पण? साधा शब्द आहे ना? माझी गिऱ्हाइकं जर्मनी, हॉलंड आणि अमेरिकेत आहेत, पोर्तुगालमध्ये अजून कोणी नाही. बहिणीला फिनिश मैत्रिणींना विचारायला सांगितलं आहे. "यात काही वाईट आहे का" असं न विचारता, "हे वाचून काय आठवतं" एवढंच. लेबलवाल्याला शनिवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे. मऊच्या पुढे काय जोडू, `mausut` कसं वाटतं? कृपया कोणी नाव न ऐकलेल्या माणसाकडून वाचून घेऊन इथे लिहाल का?

माडाखाली
शिवी नाही, साधाच शब्द. लिस्बनला माझी भाची आहे, आज रात्री तिला `mausut` पाठवतो. अर्थ सांगत नाही.