व्हायटल्सचा तास उलटा घ्यावा का?

सात_रस्ता_ट्यूटर
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला 60 मुली आहेत. यंदा व्हायटल्सचं लेक्चर न घेता आदल्या दिवशी व्हिडिओ पाठवायचा आणि कॉलेजातले दोन तास सगळ्यांना लॅबमध्ये बीपी घ्यायला लावायचं, असा पाठ बसवतेय. आमच्या मॅडम म्हणतात, 'मग तुम्ही शिकवणार काय?' कुणी करून बघितलंय का? काय फसतं?

निवृत्त_सिस्टर
फसतं ते सगळंच. व्हिडिओ बघून आलेल्या मुलीला विचारा, सगळं घडाघडा सांगेल. कफ हातात दिला की नळ्या कोपराच्या मागच्या बाजूला! आणि चार्टवर ज्याचं-त्याचं 120/80. आम्ही पाऱ्याच्या मशिनवर शिकलो, शेजारी सिस्टर उभी असायची, हात चुकला की तिथंच बोलणी बसायची. बीपी ऐकून शिकायची गोष्ट आहे, बघून नाही.

बार्शी_लाइट
सिस्टर, 120/80 व्हिडिओमुळं येत नाही ओ. लेक्चरवाल्या बॅचाही तेच लिहितात. पण ऐकण्याचं तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच कॉलेजातला वेळ ऐकण्यासाठी मोकळा करायचा.

ट्यूटर मॅडम, मी हे तीन वर्षं करतोय. पहिल्या वर्षी घरच्या व्हिडिओत बीपीचे आवाजही घातले होते. ते आवाज एवढे खालच्या पट्टीतले असतात की मोबाइलच्या स्पीकरमधून नीट येतच नाहीत. मुली म्हणाल्या, 'सर, व्हिडिओ खराब आहे.' तेव्हापासून घरी फक्त क्रम आणि डायल देतो. सहा मिनिटांचा व्हिडिओ, माझ्याच फोनवर, मराठीत. त्यात काटा खाली येतो, मी टेबलावर टकटक करतो, पहिल्या आणि शेवटच्या टकटकीला काटा कुठं होता ते वहीत लिहायचं.

लॅबमध्ये दोघांना एकदम ऐकू येणारा स्टेथो वापरतो. छातीला लावायचा भाग एक, कानाच्या जोड्या दोन. मुलगी घेते, मी तेच ऐकतो. दोघं आपापला आकडा झाकून लिहितो, मग उघडतो. 4 च्या आत फरक असेल तर पुढं.

सगळ्यात जास्त चुका व्हॉल्व्हच्या असतात. सेकंदाला 2 नं काटा उतरवायचा, या मुली भसकन सोडतात. नाडी 72 असेल तर दोन ठोक्यांत जेमतेम पाऊण-एक सेकंद जातो. 2 नं उतरवलं तर तेवढ्यात काटा दीडेक मिलिमीटर सरकतो. 10 नं सोडलं तर आठेक. म्हणजे वरचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, खालचा जास्त, आणि मुलीला वाटतं आपण बरोबर ऐकलं. हे व्हिडिओत शंभरदा सांगा, बोटाला कळत नाही.

पूर्वभाग_९०
आमच्या आईचं बीपी घरच्या डिजिटल मशिनवर 150 च्या वर दाखवतं, डॉक्टरांकडं 130. मशिन परत करू का? तुम्ही पण मुलींना घरी मशिन घ्यायला लावताय का?

बार्शी_लाइट
नाही ओ, घरी मशिन कुणालाच नाही. आईंचा दंड जाड आहे का? कफ लहान पडला की आकडा खराच्या वर जातो. कफच्या आतली हवेची पिशवी दंडाला 80 टक्के तरी वेढली पाहिजे. मशिन घेऊन डॉक्टरांकडं जा, एकाच बैठकीत दोन्हीवर मोजून घ्या. आपल्या मनानं गोळी कमी-जास्त करू नका.

अक्कलकोट_रोड
व्हिडिओ बघितला की नाही हे पकडायला सोपं आहे. ऑनलाइन दहा प्रश्न टाका, आठ बरोबर आले तरच लॅबमध्ये घ्या. आम्ही तेच करतो, निकाल उत्तम.

सात_रस्ता_ट्यूटर
दहाही उत्तरं रात्री 9 ला ग्रुपवर फिरतात, सर. शिवाय होस्टेलवर फोन संध्याकाळी तासभरच मिळतो.

बार्शी_लाइट
म्हणून प्रश्न नको, काम द्या. झोपलेल्या माणसाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजून आणायचा, तीन वेळा. होस्टेलवर रूममेट चालते. जागं माणूस नको, आपला श्वास मोजतायत हे कळलं की तो बदलतो.

आता गंमत बघा. पहिल्या वर्षी आकडे फळ्यावर मांडले तर 16, 18, 20, 16, 18. एकही विषम नाही! अर्ध मिनिट मोजून दुप्पट केलं की आकडा समच येणार. पूर्ण मिनिट मोजलं असतं तर 15, 17 कुठंतरी आलेच असते. निम्म्या मुलींनी तिथंच कबूल केलं, बाकीच्या माना खाली घालून बसल्या. बीपीचं उलट. आमच्या डायलवर रेघ 2-2 ची, तिथं कुणी 125 लिहिलं की विचारायचं, बाई, ही रेघ कुठली?

निवृत्त_सिस्टर
हे आवडलं. पण वॉर्डात काय होतं ते सांगा.

बार्शी_लाइट
तिथं मी फसलोय, सांगतो. एका वॉर्डात लॅबमधल्या माझ्या सगळ्यात चांगल्या मुलीनं साठीतल्या एका बाबांचं बीपी 138/92 लिहिलं. मी मनगटावर बोटं ठेवून कफ फुगवला, नाडी 172 ला गेली. म्हणजे 138 शक्यच नाही. हवा सोडली, अर्धा-एक मिनिट थांबलो, 200 पर्यंत फुगवून सावकाश उतरवलं. आवाज 176 ला सुरू, 160 च्या आसपास गायब, 138 ला परत. पोरीनं कफ 150 पर्यंतच फुगवला होता, म्हणजे त्या शांत पट्ट्यातच सुरुवात केली. तिनं 138 खरंच ऐकलं होतं.

आधी नाडी चाचपून पाहायची, ती जाते त्याच्या 30 वर फुगवायचं, हे व्हिडिओत होतं आणि तिला पाठ होतं. पण लॅबमध्ये सगळ्या अठरा वर्षांच्या, 110 च्या आसपास. 150 पर्यंत फुगवून कुणाचंच कधी चुकलं नाही, मग चाचपायची पायरी आपोआप गळाली. त्या चुकीची सवय माझ्याच लॅबनं लावली. आता लॅबमध्ये मेसच्या मावशी आणि वॉचमन काकांना विचारून, त्यांची तयारी असेल तर बसवतो. आणि चाचपलेला आकडा आधी लिहिला नसेल तर पुढचा आकडा बघतच नाही.

निवृत्त_सिस्टर
म्हणजे शेवटी शेजारी उभं राहावंच लागलं की! माझं काय वेगळं होतं?

अक्कलकोट_रोड
हिशोब करा. दोघांनी ऐकून तपासायला एका मुलीला 4 मिनिटं धरली तर 60 मुलींना 240. एकटी ट्यूटर दोन तासांत निम्म्याच मुली तपासेल.

बार्शी_लाइट
बरोबर आहे. आम्ही तिघं असतो, 20-20 मुली घेतो, 80 मिनिटांत होतं. एकट्यानं होत नाही. दोन दिवसांत विभागा, पण उरलेल्या 30 मुलींना तेवढ्या वेळात श्वास-नाडीवर बसवायला कुणीतरी लागेलच.

सात_रस्ता_ट्यूटर
आम्ही दोघीच आहोत, त्यातली एक गड्ड्याच्या यात्रेपासून रजेवर. दुहेरी स्टेथो एकच. श्वासाचं काम या शुक्रवारी देते. बीपीचं मॅडमना सांगून बघते, सहा स्टेथो मागितले तर दोन मिळतील.

निवृत्त_सिस्टर
मी विजापूर रोडलाच राहते. मंगळवारी सकाळी मोकळी असते, तुमच्या मॅडमना चालत असेल तर येते. व्हिडिओ मात्र मी बघणार नाही.