मदत हवी आहे: जोडीचा झेड-स्कोअर परत आला, नफा कुठे गेला?

खाडीकाठ
दोन खाजगी बँकांच्या शेअरची जोडी लावलीय. शीट रोज झेड-स्कोअर काढते, म्हणजे दोघांतला फरक, स्प्रेड, त्याच्या सरासरीपासून किती विचलनं दूर गेलाय ते. उणे २ च्या खाली गेला की टेलिग्रामवर अलर्ट येतो. गेल्या मंगळवारी उणे ४.२ आला! एवढा कधीच आला नव्हता. फरक भरून निघेल म्हणून कागदावर पहिला घेतला, दुसरा विकला. नंतर उणे २.९, २.३ आणि आज १.९. म्हणजे स्प्रेड परत आला ना? मग नफा का दिसत नाही? घरी गौरी-गणपती, माणसांनी घर भरलंय, नेट येतंय-जातंय. लवकर सांगा.

पोफळीवाला
कुठल्या बँका? किती दिवसांची सरासरी? भाव कुठून घेतोस? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार?

दर्यावर्दी
४.२ म्हणजे हजारोंत एखादाच दिवस. असा मोका सोडू नये, दुप्पट घ्यायला हवं होतंस. आणि २० दिवस ठेवले असशील तर ६० कर. मी साठावरच चालतो, फालतू अलर्ट येत नाहीत.

मालवणी_माणूस
गणपतीत अलर्ट कसले बघतस रे? आरतेक जा.

खाडीकाठ
एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक. २० दिवस. भाव एनएसईच्या भावकॉपीतून, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीतून आपोआप येतात. C मध्ये दोन्ही भावांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग, मग हे:

```
=(C21-AVERAGE(C2:C21))/STDEV(C2:C21)
```

चिपळूणकर_काकी
एचडीएफसीचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या ह्यांच्या नावावर ५० शेअर आहेत, बोनसचे आणखी ५० यायचेत ना? डिमॅटमध्ये दिसत नाहीत. मुंबईच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणतो थांब.

पोफळीवाला
काकी, भाचा बरोबर सांगतोय. खाडीकाठ, तुझं उत्तर काकींच्याच प्रश्नात आहे. एचडीएफसी बँकेचा १:१ बोनस, रेकॉर्ड तारीख २७ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणून २६ लाच भाव एक्स-बोनस झाला, म्हणजे जवळपास निम्मा. भावकॉपीतले मागचे भाव कोणी निम्मे करून देत नाही. तुझ्या C मध्ये एका दिवसात सुमारे ०.६९ ची घसरण दिसेल, २ चा नैसर्गिक लॉग तेवढाच असतो. एरवी या जोडीत दिवसाला एखाद्या टक्क्याची हालचाल असते, म्हणजे ०.०१.

खाडीकाठ
भाव कोण बघतंय, मी फक्त अलर्ट बघतो. पण मग झेड परत कसा आला?

पोफळीवाला
स्प्रेड परत आलाच नाही. तुझ्या सूत्रात आजचा आकडा सरासरीतही आहे आणि विचलनातही. २० आकड्यांत एकच वेडा असला तर तो कितीही वेडा असू दे, झेड ४.२५ च्या पुढे जाऊच शकत नाही, कारण तो स्वतःच विचलन फुगवतो. दुसऱ्या दिवशी तसे दोन आकडे झाले की २.९, तीन झाले की २.३, चार झाले की १.९. स्प्रेड जागच्या जागी उभा राहिला तरी हीच उतरंड दिसते. उद्या १.७ येईल बघ. दर्यावर्दी, हे हजारोंत एक वगैरे काही नाही.

दर्यावर्दी
म्हणूनच ६० म्हणत होतो.

पोफळीवाला
६० वर कमाल साडेसातच्या वर जाईल आणि उतरंड सावकाश होईल. उडी खोटीच राहील ना? आधी २५ ऑगस्टपर्यंतचे एचडीएफसीचे सगळे भाव २ ने भाग. मग आजचा दिवस सरासरीच्या २० दिवसांच्या खिडकीबाहेर काढ:

```
=(C22-AVERAGE(C2:C21))/STDEV(C2:C21)
```

असं असतं तर मंगळवारी झेड कित्येक दहांत गेला असता आणि कोणालाही कळलं असतं की भावातच घोळ आहे. ५ च्या वर गेला तर सौदा नाही, आधी बोनस, स्प्लिट, मोठा लाभांश तपासायचा, असा वेगळा अलर्ट लाव. एक मात्र आहे, आज वगळल्यावर त्याच २ च्या रेषेवर अलर्ट थोडे वाढतात.

दर्यावर्दी
मग रेषा २.५ वर ने. माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. १ जुलै २०२३ ला एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली, तेव्हापासून ती बँकच वेगळी झाली. त्याआधीचा इतिहास बघून ही जोडी लावण्यात अर्थ नाही.

पोफळीवाला
२० दिवसांच्या खिडकीत २०२३ येतंच कुठे?

दर्यावर्दी
खिडकीत नाही, पण ही जोडी निवडली कशावरून? जुन्या पाच वर्षांच्या आलेखावरूनच ना?

खाडीकाठ
हो, आलेखावरूनच. आज १.७ आला. भाव भागून घेतो. पण आयसीआयसीआयचा लाभांशही ऑगस्टमध्येच होता, तोही वजा करायचा का?

मालवणी_माणूस
गौरी गेल्यो, आता तरी बस कंप्युटरार.