‘ताइपिंग बंड’ : ख्रिस्ती म्हणावं का?

मीनल : चीनमधल्या ताइपिंग बंडावरच्या (१८५१–१८६४) लेखाचा अनुवाद करतेय. ‘ख्रिस्ती बंड’ लिहू का?

दिगंबर : ख्रिस्ती कसं? त्यांनी तर मिशनऱ्यांनाच मारलं.

वसुधा : दिगंबरकाका, ते बॉक्सर बंडवाले, १९०० चे. ताइपिंगवाले उलट देवळांतल्या मूर्ती फोडायचे.

राजन : मग लिहा बिनधास्त. त्यांचा नेता होंग श्यूच्युआन कँटनला अमेरिकन मिशनऱ्याकडे शिकला, बाप्तिस्माही घेतला.

वसुधा : शिकला, हे बरोबर. १८४७ साली, रॉबर्ट्सकडे. पण रॉबर्ट्सने बाप्तिस्मा दिलाच नाही. होंग स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवायचा आणि त्याच्या सेनापतीच्या, यांग श्यूछिंगच्या, अंगात येऊन साक्षात स्वर्गीय पिता बोलायचा. अंगात येणं ही दक्षिण चीनच्या ग्वांग्शी प्रांतातली जुनी रीत. म्हणून काही अभ्यासक याला वरून ख्रिस्ती शब्द चढवलेला लोकधर्म म्हणतात.

मला ते अपुरं वाटतं. ‘दी’ हा शब्द बघा. देवासाठी त्यांचा शब्द ‘शांगदी’, आणि सम्राटाचा किताब ‘हुआंगदी’. होंगचं म्हणणं असं की ‘दी’ एकट्या देवाचा, माणसाने तो लावणं म्हणजे देवनिंदा. त्यामुळे नानजिंग जिंकून राजधानी केल्यावरही त्याने स्वतःला सम्राट म्हणवलं नाही, ‘वांग’ म्हणजे राजा एवढंच. नुसतं सोंग असतं तर तो मोठा किताब त्याने कशाला सोडला असता?

सुझन : मी अहमदनगरची, ख्रिस्ती. आमच्या बायबलमध्ये ‘देव’ आहे आणि शेजारच्या काकूही ‘देव’च म्हणतात. शब्द एक म्हणून श्रद्धा एक होत नाही. होंगच्या ‘शांगदी’त कोणता देव होता?

वसुधा : नेमका प्रश्न. खुद्द मिशनऱ्यांतही देवासाठी ‘शांगदी’ म्हणायचं की ‘शेन’ यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. एडकिन्स नावाच्या मिशनऱ्याने देव निराकार आहे असं लिहून होंगला पाठवलं. होंगने लाल शाईने ते दुरुस्त करून परत दिलं : देवाला रूप आहे. १८३७ च्या आजारपणात त्याने सोनेरी दाढीचा, काळ्या झग्यातला वृद्ध ‘पाहिला’ होता, आणि डोळ्यांनी पाहिलेलं तो कसं सोडणार? एडकिन्सच्या मापाने हा पाखंड. होंगच्या मापाने बाकीचेच चुकलेले.

राजन : बाप्तिस्म्याचं चुकलं माझं. पण चिनी पुस्तकांत ‘शेतकरी उठाव’ म्हणतात, तेच लिहा ना. धर्माचा प्रश्नच मिटतो.

वसुधा : मिटत नाही, झाकला जातो. त्यांच्या छावणीत दहा आज्ञा पाठ कराव्या लागत आणि सातवा दिवस पाळावा लागे. ते कुठे ठेवणार?

मीनल : मग ‘ख्रिस्ती प्रेरणेचं’ लिहिते.

सुझन : चालेल. पण ‘प्रेरणा’ म्हटलं की धर्म बाहेरचाच राहतो. त्यांना तो स्वतःचा वाटत होता ना? ‘ताइपिंग पंथ’ का नको?

दिगंबर : आणि त्यांच्या तोंडी ‘बंड’ तरी होतं का?

वसुधा : नाही. ते ‘ताइपिंग थिएनकुओ’ म्हणायचे, महाशांतीचं स्वर्गीय राज्य.