मदत हवी आहे: ‘ऍडव्हाइज’पुढे कुठे ‘टू ईट’ आणि कुठे ‘ईटिंग’?

सातारकर_आई
मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम. गाळलेल्या जागा भरताना कंसातलं क्रियापद योग्य रूपात लिहायचं असतं. एकाच पानावर ही दोन वाक्यं आहेत, दोन्हींना कंसात ‘ईट’ दिलंय:

१. द डॉक्टर ऍडव्हाइज्ड ग्रँडफादर ____ लेस सॉल्ट.
२. द डॉक्टर ऍडव्हाइज्ड ____ लेस सॉल्ट.

तिने दोन्हीकडे ‘टू ईट’ लिहिलं. उत्तरसूचीत दुसऱ्याचं उत्तर ‘ईटिंग’ आहे. डॉक्टर तेच, मीठही तेच, मग रूप का बदलतं? तिला काय सांगू?

पाटील_निलेश
ताई, ऍडव्हाइसमध्ये सी असेल तर नाम, एस असेल तर क्रियापद. तिथेच घोळ होत असणार.

सातारकर_आई
नाही हो, स्पेलिंग छापलेलंच आहे. प्रश्न त्याच्या पुढच्या शब्दाचा आहे.

ओंकार७
सोपं आहे. मध्ये माणूस असेल तर ‘टू’, नसेल तर ‘आयएनजी’. सगळ्या क्रियापदांना हेच लावा.

खडू_फळा
ऍडव्हाइज आणि अलाऊ या दोघांपुरतं ओंकार म्हणतात ते बरोबर आहे. पहिल्या वाक्यात सल्ला कोणाला दिला ते लिहिलंय, आजोबांना, म्हणून ‘टू ईट’. दुसऱ्यात माणूसच नाही, म्हणून ‘ईटिंग’. अलाऊचंही तसंच: ‘दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाऊ अस टू पार्क हिअर’.

एक्सपेक्ट आणि वाँटला मात्र हा नियम लावू नका. ‘आय एक्सपेक्ट टू पास’ आणि ‘आय एक्सपेक्ट हर टू पास’, दोन्ही बरोबर. ‘टू’ दोन्हीकडे आहे, फक्त पास कोण होणार ते बदललं. परीक्षेत कंसात ‘शी, पास’ असं देतात आणि मुलं ‘आय एक्सपेक्ट शी टू पास’ लिहितात. पास तीच होणार असली, तरी एक्सपेक्टच्या पुढे आल्यावर ‘शी’चं ‘हर’ होतं. मुलीला हे एकदा हाताने लिहायला लावा.

गौरी_ठाणे
वाँटचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या ऑफिसात ईमेलमध्ये सर्रास ‘आय वाँट दॅट यू सेंड द फाइल’ लिहितात. चालतं का?

खडू_फळा
नाही. ‘आय वाँट यू टू सेंड द फाइल’. ‘तू फाइल पाठवावीस असं मला वाटतं’ अशी आपली रचना डोक्यात असते, तिथून तो ‘दॅट’ येतो. एक्सपेक्टला ‘दॅट’ चालतो, वाँटला नाही. वरिष्ठांना लिहायचं असेल तर ‘आय वुड लाइक यू टू सेंड’ जरा मऊ वाटेल.

सातारकर_आई
समजलं असं वाटत होतं, तेवढ्यात मुलीने नवीनच काढलं. पावसाळ्यात बातम्यांत ‘फिशरमेन ऍडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इनटू द सी’ असं येतं. ऍडव्हाइज्डच्या पुढे माणूस नाही, तरी ‘टू’ आहे!

खडू_फळा
छान पकडलंय तिने. माणूस आहे, फक्त पुढे येऊन बसलाय. सल्ला मच्छीमारांना दिलाय आणि तेच वाक्याच्या सुरुवातीला आलेत. पूर्ण वाक्य ‘फिशरमेन आर ऍडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर’. मथळ्यात जागा वाचवायला ‘आर’ गाळतात. म्हणून रिकाम्या जागेआधी ‘इज, आर, वॉज, वेअर’ दिसलं, तर सल्ला किंवा परवानगी मिळालेला माणूस सुरुवातीला शोधायचा: ‘वी वेअर नॉट अलाउड टू पार्क’. वाँटचं मात्र असं उलटवता येत नाही, ‘शी वॉज वाँटेड टू कम’ चुकीचं. आणि ‘नॉट’ कुठे आहे तेही दाखवा, ‘टू’च्या आधी.

ओंकार७
मग ‘ही सजेस्टेड मी टू टेक रेस्ट’ पण बरोबर ना? मध्ये माणूस आहे.

खडू_फळा
नाही, सजेस्ट या गटातलं नाही. ‘ही सजेस्टेड टेकिंग रेस्ट’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’. अर्थ ऍडव्हाइजच्या जवळचा, म्हणून मुलं हमखास फसतात. कोणतं क्रियापद कोणत्या गटात, हे अर्थावरून ओळखता येत नाही. ते वाक्यासकट पाठ करावं लागतं.

गौरी_ठाणे
आणि रेकमेंड? माझ्याकडच्या डिक्शनरीत ‘रेकमेंड यू टू बुक अर्ली’ अशा धर्तीचं उदाहरण आहे.

खडू_फळा
डिक्शनरीत आहे, खरंय. तरी मी पेपरात ‘रेकमेंड बुकिंग’ लिहायला सांगेन, तपासणारा ते कापणार नाही.

गौरी_ठाणे
पण डिक्शनरीत आहे तर मार्क कापायचेच का? हे मला पटत नाही.

सातारकर_आई
आमच्या पुस्तकात रेकमेंड एकाच प्रश्नात आहे, ‘रेकमेंडेड अस ____ द फोर्ट’, कंसात ‘व्हिजिट’. आणि नेमकी त्याचीच उत्तरसूची पुढच्या पानावर आहे, ते पान आमच्या प्रतीत नाही. कोणाकडे असेल तर सांगा.